शुक्रवारची सुट्टी आणि अठ्ठेचाळीस तास

गुरुवार, १ ऑक्टोबर २०२६. संध्याकाळचे ७ वाजून ४० मिनिटे झाली आहेत. सिंदेवाही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गाय दुपारी वाघाने मारली, आणि तो तुमच्या संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर एक फोटो आणि एक व्हॉइस मेसेज पाठवतो. कार्यालय सव्वासहालाच बंद झाले आहे. शुक्रवारी गांधी जयंती, त्यापुढे शनिवार-रविवार. कुलूप उघडणार ते सोमवारी पावणेदहाला, म्हणजे निरोप आल्यापासून ८६ तासांनी. आणि वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारले तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचे असते. मुदत शनिवारीच सरते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नुकसानभरपाईच्या अर्जांना मदत करणाऱ्या संस्था, ग्रामसभांची कार्यालये, शेतकरी गट यांनी हल्ली असे क्रमांक सुरू केले आहेत. क्रमांक सुरू करणे सोपे असते, तो बंद असताना काय होते हे ठरवणे अवघड. मी असाच एक क्रमांक चालवणाऱ्या छोट्या गटाची व्यवस्था बसवून दिली, आणि त्यात काय चुकले, काय टिकले ते इथे लिहितो आहे. ज्यांना बसवायची आहे त्यांनी यातला हिशेब आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावा.

पहिली गोष्ट, ‘रात्री आलेला निरोप’ हा एकच प्रकार नाही. आम्ही सुरुवातीला दोन खण केले होते, तातडीचे आणि सकाळपर्यंत थांबणारे. वरची गाय या दोन्ही खणांत बसत नाही. तिच्यासाठी रात्री कोणाला उठवण्यात अर्थ नाही, कारण अंधारात पंचनामा होत नाही. पण ती सोमवारपर्यंत थांबूही शकत नाही. म्हणून खण तीन लागतात. माणसाच्या जिवाशी संबंध असलेले लगेच. मुदत कार्यालय उघडण्याआधी संपणारे सुट्टीतही, पण दिवसा. बाकीचे रांगेत. हा मधला खण ज्या व्यवस्थेत नाही तिथे लांब सुट्टीत नेमके तेच निरोप बुडतात ज्यांच्यावर पैसे अवलंबून असतात, आणि सोमवारी रांग पाहणाऱ्याला ते कळतही नाही, कारण रांगेत सगळे सारखेच दिसतात.

आता कोणता निरोप कोणत्या खणात, हे ठरवायचे कसे? आम्ही आधी शब्दांवर गेलो. निरोपात ‘वाघ’, ‘बिबट’, ‘अस्वल’, ‘हत्ती’ आले की रात्रपाळीच्या माणसाला फोन. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीवाला बेजार झाला. ‘वाघाने शेळी नेली’, ‘वाघाचा अर्ज कुठवर आला’, ‘ताडोबात वाघ दिसतो का जी?’ या जिल्ह्यात वाघ हा शब्द नसलेला निरोप शोधावा लागतो. ते एकवेळ चालले असते. पण एका रात्री पावणेनऊला एका पोराचा निरोप आला होता: ‘बाबा सरपनाले गेलते, आतावरी नाई आले.’ त्यात कुठल्याही जनावराचे नाव नव्हते. निरोप शहाण्यासारखा रांगेत जाऊन बसला. बाप दुसऱ्या वाटेने दुसऱ्या गावी गेलेला होता आणि सुखरूप परतला, पण ते आम्हाला सकाळी कळले. त्या दिवशी शब्दांची यादी काढून टाकली.

त्याऐवजी विचारायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या Cloud API मधून निरोपाखाली तीनपर्यंत बटणे देता येतात, प्रत्येकावर २० अक्षरांपर्यंत मजकूर. आमची तीन बटणे अशी: ‘माणूस’, ‘जनावर’, ‘पीक / इतर’. एवढेच. ‘माणूस’ दाबले की पहिला खण. ‘जनावर’ किंवा ‘पीक’ दाबले की घटना कधीची ते विचारायचे आणि मुदत मोजायची. आणि तीन मिनिटांत काहीच दाबले नाही, तर तो निरोप माणसाचाच धरायचा आणि रात्रपाळीला फोन लावायचा. व्हॉइस मेसेज पाठवून बटण दाबले नाही, तरी तसेच. इथे बरेच लोक लिहीत नाहीत, बोलतात, आणि भामरागड-एटापल्लीकडे माडियात, सिरोंच्याकडे तेलुगूत, मुलचेऱ्याकडे बंगालीत बोलतात. रात्री ते ऐकून समजणारे माणूसच हवे. काही फोन फुकट जातील, जाऊ द्यावेत. फुकट गेलेल्या फोनची किंमत रात्रपाळीवाल्याची पाच मिनिटांची झोप आहे.

खणांचे ठरले की मग घड्याळ. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५. तुमची संस्था खासगी असली तरी तुमचे पुढचे काम रेंज ऑफिस आणि तहसीलवर अवलंबून असेल, तर हीच वेळ धरलेली बरी. फक्त निरोप ‘आत’ घेण्याची वेळ अर्धा तास आधी संपवावी. सहा वाजून दहा मिनिटांनी आलेला निरोप कागदोपत्री कार्यालयीन वेळेतला असतो, त्यामुळे त्याला रात्रीची पोच जात नाही, रात्रपाळीकडेही जात नाही, आणि माणसे तर चपला घालून उभी असतात. तो निरोप सकाळपर्यंत कोणाचाच नसतो. आम्ही ५.४५ नंतरचे सगळे रात्रीच्या नियमात टाकतो. शेवटच्या अर्ध्या तासात आत आलेले निरोप हातावेगळे करायचे.

हे गणित संगणकाला सांगताना दोन जागी हमखास पाय घसरतो. एक म्हणजे सर्व्हरचे घड्याळ. भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर UTC वर चालतात, आपण त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. तिथे ९.४५ ते ५.४५ असे लिहिले तर प्रत्यक्षात तुमचे कार्यालय दुपारी सव्वातीनला उघडते आणि रात्री सव्वाअकराला बंद होते. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी अकराला निरोप पाठवणाऱ्याला ‘कार्यालय बंद आहे’ अशी पोच येते, आणि रात्री नऊला पाठवणाऱ्याला काहीच येत नाही. लोक पहिल्याची तक्रार करतात, दुसऱ्याची करत नाहीत. म्हणून पहिली तक्रार आली की लगेच घड्याळ तपासावे.

दुसरी चूक मध्यरात्रीची. ‘रात्र म्हणजे वेळ १७.४५ पेक्षा जास्त आणि ९.४५ पेक्षा कमी’ असे लिहिले तर ती अट कधीच खरी होत नाही, कारण कोणतीही एक वेळ दोन्ही असू शकत नाही. म्हणून रात्र मोजूच नये. कार्यालय उघडे आहे का एवढेच मोजावे, आणि जे उघडे नाही ते बंद. हा तुकडा तेवढेच करतो:

```javascript
const OPEN = 9 * 60 + 45;
const CLOSE = 17 * 60 + 45;

function isOpen(ts, special) {
  const t = new Date((Number(ts) + 19800) * 1000);
  const ymd = t.toISOString().slice(0, 10);
  const min = t.getUTCHours() * 60 + t.getUTCMinutes();
  const weekend = [0, 6].includes(t.getUTCDay());
  const working = special[ymd]
    ? special[ymd] === "open"
    : !weekend;
  return working && min >= OPEN && min < CLOSE;
}
```

`ts` म्हणजे सेकंदांत मोजलेली वेळ, आणि १९८०० म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद. भारतात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे होत नाही, म्हणून हा आकडा थेट लिहिला तरी चालतो. `special` ही सुट्ट्यांची यादी. तिच्यात ‘बंद’ तारखा असतात तशा ‘चालू’ तारखाही ठेवता याव्यात, कारण धान कापणीच्या दिवसांत किंवा शिबिर असले की एखादा शनिवार उघडा ठेवावा लागतो. ज्या यादीत फक्त सुट्ट्याच लिहिता येतात, तिथे तो शनिवार उघडून बसलेल्या माणसांसमोर लोकांना ‘आम्ही बंद आहोत’ अशी पोच जाते.

सुट्ट्यांची यादी एकाच कागदावरून येत नाही. राज्याची यादी सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी अधिसूचनेने जाहीर करतो. त्यावर जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्यापुरत्या स्थानिक सुट्ट्या देतात, आणि चंद्रपूरची स्थानिक सुट्टी गडचिरोलीला असेलच असे नाही. तुमचे कार्यालय चंद्रपुरात उघडे आणि अर्जदाराचे रेंज ऑफिस चामोर्शीला बंद, असे दिवस येतात. म्हणून यादीत तारखेशेजारी जिल्ह्याचा रकाना हवा, आणि पोचेत काय सांगायचे ते अर्जदाराच्या गावावरून ठरावे. ईद, मोहरम यांसारख्या चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सुट्ट्या ऐनवेळी एका दिवसाने सरकतात, तेव्हा ती यादी फोनवरून दोन मिनिटांत बदलता आली पाहिजे. प्रोग्रॅमरला शोधायला लागू नये. साधी गुगल शीट पुरते. तिसरा थर तुमचा स्वतःचा. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यामुळे १५ आणि १६ ऑक्टोबरला शहरात दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी आणि आपल्याकडची किती माणसे तिथे असणार हे तुम्हालाच ठाऊक. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेचेही तसेच. माणसेच नसतील त्या दिवशी उघडे असल्याचे सांगू नये.

पोच. सगळ्यात जास्त वेळ आम्ही या चार ओळींवर घालवला. आधीची पोच होती: ‘आपला संदेश मिळाला. आम्ही लवकरच संपर्क करू.’ ही वाचून शेतकरी काय समजतो? की कळवायचे काम झाले. तो मग वनरक्षकाकडे जात नाही. पण आपल्या क्रमांकावर आलेला निरोप म्हणजे वनविभागाला दिलेली सूचना नव्हे, तो ४८ तासांत मोजला जात नाही. आपल्या पोचेमुळे त्याची मुदत बुडावी, याहून वाईट काय असणार! आता जाते ती पोच अशी:

> कोणी जखमी किंवा बेपत्ता असेल, वाघ, बिबट, अस्वल, हत्ती जवळ असेल तर इथे लिहीत थांबू नका, फोन करा: 1926 वनविभाग, 108 रुग्णवाहिका, 112 पोलीस.
>
> तुमचा निरोप गुरुवार 1 ऑक्टोबर, सायं. 7.40 ला मिळाला. नोंद क्र. 118.
>
> ही वनविभागाकडची तक्रार नाही. ती तुमच्या वनरक्षकाकडे किंवा रेंज ऑफिसला करायची आहे. मुदत: जनावर 48 तास, पीक 3 दिवस.
>
> आमचे कार्यालय सोमवार 5 ऑक्टोबर, सकाळी 9.45 ला उघडेल. काय झाले ते खाली दाबा.

फोन नंबर पहिल्या ओळीत, कारण घाबरलेला माणूस दुसरी ओळ वाचत नाही. अंक इंग्रजी. आणि उघडण्याचा दिवस नावानिशी. ‘उद्या सकाळी’ हे शब्द पोचेत कधीही पक्के लिहून ठेवू नयेत. गुरुवारी रात्री ते खोटे ठरतात. सकाळी ९.४५ च्या आधी असेल तर आजपासून, नाहीतर उद्यापासून तारखा एकेक करून तपासत जायच्या, जी तारीख यादीप्रमाणे उघडी निघेल ती पोचेत घालायची. शुक्रवार बंद, शनिवार बंद, रविवार बंद, सोमवार उघडा. संगणकाला हे चार फेऱ्यांचे काम आहे.

‘जनावर’ दाबले की दुसरा निरोप जातो, आणि त्यात एक वाक्य मी कोणाच्याही सांगण्यावरून काढू देणार नाही: ‘मेलेल्या जनावराजवळ रात्री जाऊ नका, त्याला हलवू नका.’ वाघ आपल्या शिकारीवर परत येतो. फोटो मागणारी पोच रात्री साडेआठला गेली, तर शेतकरी टॉर्च घेऊन फोटो काढायला जाईल. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘कृपया फोटो पाठवा’ असे होते. एका वनमजुराने ते वाचले आणि फक्त विचारले, ‘राती?’ आता फोटो उजेडात मागतो, आणि हलवू नका म्हणतो कारण वन कर्मचाऱ्यांनी जागेवर पाहिल्याशिवाय पंचनामा होत नाही.

एक माणूस सहा फोटो पाठवतो. म्हणून सहा पोचा जाऊ नयेत. एका क्रमांकाला एका बंद काळात एकच पोच, असा नियम ठेवावा. पण पोच थांबवली म्हणजे वाटणी थांबवली असे होऊ देऊ नये. नऊ वाजता पिकाचा निरोप पाठवणाराच अकरा वाजता ‘माणूस’ दाबू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धान कापणीला आलेले असताना, गडचिरोलीत हे अगदी संभवते. २०२१ पासून रानटी हत्तींचा कळप त्या जिल्ह्यात फिरतो आहे, तो रात्री शेतात उतरतो, आणि राखण करणारे लोक तिथेच असतात. त्या दुसऱ्या निरोपाला पोच नको, पण फोन हवाच.

आता त्या सिंदेवाहीच्या गायीचा निरोप यातून कसा जातो ते पाहू. ७.४० हे ५.४५ नंतरचे, म्हणून बंद. पोच गेली, पुढचा उघडा दिवस सोमवार ५ ऑक्टोबर. शेतकऱ्याने ‘जनावर’ दाबले. घटना कधीची, याला त्याचे उत्तर ‘आज चारच्या सुमारास’. मुदत शनिवारी, ३ तारखेला दुपारी चारला संपते. ती सोमवारच्या आधी आहे, म्हणून मधला खण. रात्री कोणाला उठवले जात नाही. शुक्रवारी सकाळी सातला पाळीवरच्या माणसाच्या फोनवर यादी येते, त्यात ही नोंद पहिली, कारण यादी आलेल्या वेळेप्रमाणे नसते, मुदत संपायच्या क्रमाने असते. तो शेतकऱ्याला फोन करतो, वनरक्षकाला कळवले का विचारतो, नसेल तर वनरक्षकाचा किंवा रेंज ऑफिसचा नंबर देतो, आणि कळवल्याची वेळ नोंदीत लिहितो. ही वेळ लिहिली की नोंद मधल्या खणातून निघून साध्या रांगेत जाते. अर्ज, कागद, बँक पासबुक हे सगळे सोमवारी. तेच जर धानाचे नुकसान असते, तर तीन दिवस धरून मुदत रविवारी दुपारपर्यंत गेली असती, तरीही सोमवारच्या आधीच. पण साध्या मंगळवारी रात्री आलेला तोच निरोप सरळ रांगेत गेला असता, कारण बुधवारी सकाळी उघडायचेच आहे. खण नुसत्या निरोपावरून ठरत नाही, निरोप आणि पंचांग दोन्ही मिळून ठरतो.

इथे दोन वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि हे आम्हाला उशिरा उमगले. मुदत मोजायची ती घटनेच्या वेळेपासून. वाट ठरवायची ती आत्ताच्या वेळेवरून. व्हॉट्सअ‍ॅप निरोपासोबत जी वेळ देते, ती निरोप त्यांच्याकडे पोचल्याची. एटापल्ली किंवा भामरागडच्या आतल्या गावात माणूस रात्री नऊला लिहितो, एका टिकचीही वाट पाहत फोन खिशात ठेवतो, आणि सकाळी टेकडीवर रेंज मिळाली की निरोप निघतो. आपल्याकडे तो सकाळी सातचा दिसतो. त्यावरून मुदत मोजली तर दहा तास फुकट वाढवून मिळाल्यासारखे दिसतात, जे प्रत्यक्षात नसतात. उलटही घडते. आपला सर्व्हर रात्री बंद पडला, तर व्हॉट्सअ‍ॅप तो निरोप पुन्हा पुन्हा देत राहते आणि पहाटे तीनचा निरोप अकराला येऊन पडतो. त्या निरोपाच्या वेळेवरून वाट ठरवली तर तो झोपायला गेलेल्या रात्रपाळीवाल्याकडे जाईल, समोर कार्यालय उघडे असताना. तसेच तोच निरोप दोनदाही येऊ शकतो, म्हणून प्रत्येक निरोपाचा `wamid` क्रमांक साठवावा आणि तो आधी आलेला असेल तर पुढे काही करू नये.

सोमवारी रांग उघडली की आणखी एक भिंत लागते. शेतकऱ्याच्या शेवटच्या निरोपापासून २४ तास उलटले की Cloud API मधून मनाजोगा मजकूर पाठवता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच जातो. साध्या निरोपाला 131047 ही चूक परत येते. आठवड्यातल्या साध्या रात्री हे कधीच घडत नाही, पावणेसहा ते पावणेदहा सोळा तासच होतात. म्हणून चाचणीत सगळे नीट चालते आणि पहिल्याच शनिवार-रविवारनंतर निम्मी उत्तरे अडकतात. ‘नोंद क्र. __ बाबत कार्यालय उघडले आहे, बोलण्यासाठी उत्तर द्या’ असा एक टेम्प्लेट `utility` प्रकारात आधीच मंजूर करून ठेवावा. मला विचाराल तर सुट्टीनंतरच्या सकाळी लिहिण्यापेक्षा फोन करावा.

पहिल्या खणाच्या वाटेबद्दल थोडे. रात्रपाळीच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅप निरोप पाठवणे म्हणजे त्याला कळवणे नव्हे. त्याने फोन म्यूट केलेला असतो. त्याला वाजणारा कॉल जायला हवा, त्याने १ दाबून ‘घेतले’ म्हणायला हवे, आणि पाच मिनिटांत दाबले नाही तर दुसऱ्या माणसाला. त्याचे काम जंगलात धावणे नाही. १९२६ ला आणि रेंज ऑफिसला फोन, ताडोबाच्या बफरमधल्या किंवा ब्रह्मपुरी विभागातल्या गावात प्राथमिक प्रतिसाद दल असेल तर त्यातल्या माणसाला फोन, मग घरच्यांना परत फोन करून कोण येते आहे ते सांगणे. हे नंबर गावनिहाय यादीत आधीच हवेत. रात्री शोधायला बसले तर अर्धा तास जातो.

ज्यांच्याकडे प्रोग्रॅमर नाही, ज्यांचा क्रमांक एका फोनवरच्या WhatsApp Business अ‍ॅपवर चालतो, त्यांना यातले निम्मे तरी मिळते. `Business tools` मध्ये `Away message` चालू करायचे, वरची पोच, निरोपाची वेळ-नोंद क्रमांकाची ओळ आणि ‘खाली दाबा’ हे वाक्य गाळून, तिथे लिहायची, `Schedule` मध्ये `Outside of business hours` निवडायचे. कार्यालयाच्या वेळा बिझनेस प्रोफाइलमध्ये आधी भरलेल्या हव्यात. सुट्ट्यांची यादी या अ‍ॅपला देता येत नाही, म्हणून जोडसुट्टीच्या आदल्या संध्याकाळी `Custom schedule` करून गुरुवार ५.४५ पासून सोमवार ९.४५ पर्यंत असे हाताने भरायचे, पोचेतली तारीख बदलायची, आणि सोमवारी पूर्ववत करायचे. दोन्ही कामे भिंतीवरच्या कॅलेंडरवर माणसाच्या नावासह लिहावीत. आणि फोन घरी न नेता कार्यालयातच चार्जिंगला ठेवत असाल तर लक्षात असू द्या, ही पोच त्या फोनला इंटरनेट असेल तेव्हाच जाते. वीज गेली, वायफाय बंद पडले, की पोचही थांबली. खण पाडायचे काम मात्र अ‍ॅप करत नाही. त्यासाठी सुट्टीत रोज सकाळी सातला एकाने फोन पाहणे आणि मुदतीवाल्यांना लेबल लावणे एवढाच उपाय.

सुरू करण्यापूर्वी वेळा बदलून तपासा. गुरुवार ५.४४ आणि ५.४५, शुक्रवार दुपारी बारा, रविवार रात्री ११.५९, सोमवार ९.४४ आणि ९.४५. या सहा वेळांना काय होते ते कागदावर आधी लिहा, मग व्यवस्थेला विचारा. रविवार ११.५९ ला पोचेत ‘सोमवार’ यावे, ‘मंगळवार’ नव्हे.

आणि पाळीचे तास. आम्ही पहिली पाळी रात्री ९ ते सकाळी ६ अशी लावली होती, दवाखान्यात असते तशी. मार्च संपता संपता मोह गळायला लागतो आणि बायामाणसे झुंजूमुंजू असतानाच टोपल्या घेऊन जंगलात जातात. वाकून मोह वेचताना मागे काय आहे ते दिसत नाही. पुढे मे महिन्यात तेंदूची पाने तोडायलाही पहाटेच जातात. त्या दिवसांत जिवावर बेतणारे निरोप येतात ते सहा ते नऊच्या दरम्यान, जेव्हा रात्रपाळी संपलेली असते आणि कार्यालय उघडलेले नसते. आता आमची पाळी संध्याकाळी ५.४५ ला सुरू होते आणि सकाळी १० ला संपते, दोघांत वाटून. शेवटची पंधरा मिनिटे जाणारा आणि येणारा दोघेही हजर असतात, आणि रात्रीची प्रत्येक उघडी नोंद जाणारा नाव घेऊन येणाऱ्याच्या हाती देतो.